काजू कारखान्याचा एक जून महिना: ओपनिंग डब्ल्यूआयपी असताना फिफो आणि वेटेड ॲव्हरेज

पार्श्वभूमी

खानापूर तालुक्यातला एक मध्यम काजू कारखाना, नाव-गाव सांगत नाही आणि आकडेही प्रमाण राखून बदललेत. मालक, त्यांचा धाकटा भाऊ, पस्तीसेक बायका कटिंग आणि सोलणीला, एक मुकादम, आणि हिशोबाला बेळगावातून आठवड्याला येणारा एक अकाउंटंट. बी येते थोडी खानापूरच्या रानातली, बरीचशी चंदगडकडची आणि काही खाली दोडामार्ग-सावंतवाडीकडून. गर जातो मुख्यतः गोव्याला.

ज्यांना काजूचं काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बी वाफेवर उकडायची, पसरून थंड करायची, मग कटरवर टरफल फोडून गर काढायचा, तो बोर्मात म्हणजे गरम हवेच्या कपाटात सुकवायचा, मग साल काढायची आणि शेवटी ग्रेडिंग. बी आत गेली की पुढं दुसरा कुठला कच्चा माल पडत नाही, फक्त मजुरी, इंधन, वीज आणि देखरेख वाढत जाते. सगळा माल एकाच वाटेनं जातो, कुठलं पोतं कुठल्या गिऱ्हाइकाचं असं काही नसतं, म्हणून इथं जॉब कॉस्टिंग नाही, प्रोसेस कॉस्टिंगच लागतं.

आणि महिना संपतो त्या संध्याकाळी कारखाना रिकामा कधीच नसतो. उकडलेल्या बियांचा ढीग पडलेला असतो, कापलेला गर क्रेटमध्ये असतो, बोर्मा भरलेला असतो. हाच अर्धवट माल म्हणजे पुढच्या महिन्याचा ओपनिंग डब्ल्यूआयपी, आणि भांडण सगळं त्याच्यावरून.

अडचण काय होती

मे महिन्यात बी सरासरी 110 रुपये किलोनं पडलेली. सीझन संपत आला, पाऊस तोंडावर, आणि जूनमध्ये आत गेलेली बी 130 नं पडली. त्यात पावसाळी हवेमुळं बोर्मा जास्त वेळ चालवावा लागला, साल नीट सुटेना म्हणून सोलणी रेंगाळली, म्हणजे प्रोसेसिंगचा खर्चही वर गेला.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात गोव्याच्या एका व्यापाऱ्याचा फोन आला, 2,000 किलो गर पाहिजे, ग्रेड न निवडता सरसकट लॉट, पॅकिंग आणि गाडीभाडं त्याचं. भाव 610 देतो म्हणाला. मालकानं कागद बघितला तर त्यावर गराचा खर्च 593.20 दिसत होता, म्हणजे किलोला जवळजवळ 17 रुपये सुटतात. पण धाकट्या भावाचं म्हणणं वेगळंच होतं.

"दादा, बी 130 नं घेतलीय, मग खर्च 126 धरून कसा काय काढलाय हा?"

प्रश्न बरोबर होता. अकाउंटंट वेटेड ॲव्हरेज वापरत होता, आणि त्यात मेची स्वस्त बी मिसळलेली होती.

जूनचे आकडे

सगळं मोजमाप बीच्या किलोमध्ये केलंय, हे आधी लक्षात घ्या, गराच्या किलोमध्ये नाही.

1 जूनला अर्धवट माल 4,000 किलो. त्यात बीचा खर्च 4,40,000 रुपये आणि तोवर झालेला प्रोसेसिंग खर्च 28,800. प्रोसेसिंगच्या हिशोबानं हा माल 40 टक्के झालेला. जूनमध्ये नवीन बी आत गेली 16,000 किलो, तिचे 20,80,000. जूनचा प्रोसेसिंग खर्च 3,90,440. महिन्यात पूर्ण झाला 17,000 किलो बीचा माल, आणि 30 जूनला आत राहिला 3,000 किलो, 60 टक्के झालेला. टरफल विकून येणारे पैसे आधीच प्रोसेसिंग खर्चातून वजा केलेत.

एकूण 29,39,240 रुपये. पद्धत कुठलीही घ्या, ही बेरीज बदलत नाही, फक्त पूर्ण मालावर किती आणि उरलेल्या अर्धवट मालावर किती ही वाटणी बदलते. याचा अर्थ एकीकडं जास्त दिसलं तर दुसरीकडं तेवढंच कमी दिसणार, आणि हा मेळ बसत नसेल तर पद्धत चुकलेली नाही, बेरीज-वजाबाकी कुठंतरी चुकलीय.

पहिली पद्धत, वेटेड ॲव्हरेज

इथं जुना-नवा भेद नाही. ओपनिंगचा खर्च आणि जूनचा खर्च एकत्र करायचा आणि महिन्यात पूर्ण झालेला माल अधिक शेवटी उरलेल्याचे समतुल्य युनिट यांनी भागायचा. समतुल्य युनिट म्हणजे अर्धवट मालावर झालेलं काम किती किलो पूर्ण मालाच्या कामाइतकं होतं तो आकडा.

बी: 25,20,000 भागिले 20,000 किलो, म्हणजे 126 रुपये. प्रोसेसिंग: 28,800 अधिक 3,90,440 म्हणजे 4,19,240, आणि समतुल्य युनिट 17,000 अधिक 3,000 चे 60 टक्के 1,800, असे 18,800. दर 22.30. दोन्ही मिळून किलोला 148.30.

पूर्ण झालेला माल 25,21,100 रुपयांचा, उरलेला अर्धवट माल 4,18,140 चा.

ह्या पद्धतीत ओपनिंग माल 40 टक्के झालेला की 70 टक्के हे कुणी विचारतच नाही. लागतो फक्त त्याचा रुपयातला आकडा. म्हणून ती सोपी वाटते आणि म्हणून बहुतेक छोट्या कारखान्यांत तीच चालते.

दुसरी पद्धत, फिफो

फिफो धरतो की जो माल आधीपासून आत होता तो आधी पूर्ण झाला. म्हणून जूनच्या खर्चाला जूनच्याच कामानं भागायचं. जूनमध्ये काम किती झालं? ओपनिंगच्या 4,000 किलोचं उरलेलं 60 टक्के म्हणजे 2,400, जूनमध्येच सुरू होऊन जूनमध्येच संपलेले 13,000, आणि शेवटी उरलेल्या मालावर झालेलं 1,800. एकूण 17,200. (वेटेड ॲव्हरेजच्या 18,800 पेक्षा बरोबर 1,600 कमी, आणि ते 1,600 म्हणजे मेमध्येच झालेलं काम. हा पडताळा दर महिन्याला करून बघावा, दोन मिनिटांचं काम आहे.)

प्रोसेसिंग दर 3,90,440 भागिले 17,200 म्हणजे 22.70. बीचा दर 130, कारण जूनमध्ये आत आलेली बी तेवढीच. एकूण 152.70.

पूर्ण झालेल्या मालाचे इथं दोन भाग पडतात. ओपनिंगवाला 4,000 किलो: जुना खर्च 4,68,800 अधिक 2,400 गुणिले 22.70 म्हणजे 54,480, मिळून 5,23,280, किलोला 130.82. जूनचा स्वतःचा 13,000 किलो: 152.70 नं 19,85,100. दोन्हींची बेरीज 25,08,380. उरलेला अर्धवट माल 4,30,860.

कुठं फरक पडला, कुठं नाही

स्टॉकमध्ये बघितलं तर दोन पद्धतींत फरक फक्त 12,720 रुपयांचा. एकोणतीस लाखांच्या हिशोबात अर्धा टक्काही नाही. बँकेला स्टॉक स्टेटमेंट द्यायचंय, नफा-तोटा काढायचाय, तर कुठलीही पद्धत घ्या, काही बिघडत नाही.

पण भाव सांगायचा असेल तर? 148.30 आणि 152.70 मध्ये 4.40 चा फरक आहे, आणि तो बीच्या किलोला आहे. ह्या कारखान्यात चार किलो बीला एक किलो गर पडतो, म्हणजे गराच्या किलोला फरक चौपट, 17.60 रुपये. वेटेड ॲव्हरेजनं गर 593.20 ला पडतो, फिफोच्या चालू दरानं 610.80 ला. व्यापारी देत होता 610. एका कागदावर 17 रुपये फायदा आणि दुसऱ्यावर 80 पैसे तोटा, एकाच कारखान्याचे, एकाच महिन्याचे.

अकाउंटंटनं आधी फिफोनं काढताना पूर्ण मालाचे 25,08,380 भागिले 17,000 असं केलं, उत्तर आलं 147.55, आणि तो म्हणाला फिफोनं तर अजून स्वस्त पडतोय की. हे बरेच जण करतात. हा आकडा स्टॉकसाठी बरोबर आहे, पण तो 130.82 आणि 152.70 यांची मिसळ आहे, उद्या जो माल बनणार आहे त्याच्याशी त्याचा संबंध नाही. फिफोमधून खरी माहिती मिळते ती समतुल्य युनिटच्या चालू दरात, शेवटच्या सरासरीत नाही. ती सरासरी काढली की फिफो करण्याचा अर्धा उपयोग गेला.

अजून एक, फरक कुठून आला ते बघा. 4.40 पैकी 4 रुपये बीचे आणि फक्त 40 पैसे प्रोसेसिंगचे. कारण ओपनिंग मालात बी शंभर टक्के होती, 20,000 मधले 4,000 किलो, पाचवा हिस्सा. प्रोसेसिंगमध्ये जुनं काम 18,800 मधलं फक्त 1,600. म्हणजे ओपनिंग माल मोठा असून चालत नाही, त्यात त्या-त्या खर्चाचा वाटा किती हे बघावं लागतं, आणि दर बदललेला असावा लागतो. दर स्थिर असतील तर दोन्ही पद्धती जवळजवळ एकच उत्तर देतात आणि मग हा सगळा खटाटोप करायचं कारण नाही.

मालकाचा मुकादमावर राग होता, सोलणी महाग झाली म्हणून. मेच्या मालात प्रोसेसिंग 18 नं बसलेलं, जूनमध्ये 22.70. वेटेड ॲव्हरेजनं 22.30 दिसलं तरी वाढ लपत नव्हती, म्हणजे ह्या बाबतीत पद्धत बदलून मुकादमाची सुटका होणार नव्हती. मजुरी आणि इंधन वेगळं काढल्यावर कळलं की निम्म्याहून जास्त वाढ बोर्माच्या तासांची आहे. पाऊस मुकादमानं पाडला नव्हता.

40 टक्के आला कुठून

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मुकादमानं आधी सांगितलेलं, "निम्मं झालंय धरा की." फिफोमध्ये निम्मं धरलं असतं तर ओपनिंगवरचं उरलेलं काम 2,000 झालं असतं, एकूण युनिट 16,800 आणि दर 23.24. बीला 54 पैसे, गराला दोन रुपयांच्या वर. वेटेड ॲव्हरेजला जूनमध्ये हा टक्का लागलाच नसता. पण म्हणून ती पद्धत सुरक्षित आहे असं नाही, मे संपताना टक्का चुकला असेल तर तो 28,800 च्या आकड्यात आधीच शिरलेला असतो आणि तिथं तो कुणाला दिसत नाही.

मग टक्के टप्प्यांवरून काढले. कामाचा एकूण प्रोसेसिंग खर्च कुठल्या टप्प्यापर्यंत किती होतो हे मजुरी आणि इंधनाच्या नोंदींवरून बसवलं: उकडून झालं की 15 टक्के, कटिंग झालं की 45, बोर्मातून निघालं की 65, साल निघून ग्रेडिंगला थांबलं की 90. 31 मेच्या वहीत माल होता उकडलेला 1,200 किलो, कापलेला 2,000 आणि बोर्मातून निघालेला 800. समतुल्य 180, 900 आणि 520, बेरीज 1,600, म्हणजे 4,000 चे 40 टक्के.

इथं एक फसण्यासारखी जागा आहे. बोर्मातून निघालेला गर तराजूवर टाकला तर 220 किलो भरतो, 800 नाही. वहीत कुणी 220 लिहिलं तर ओपनिंग माल 580 किलोनं कमी आणि सगळी कोष्टकं वाकडी. प्रत्येक टप्प्याचं वजन परत बीच्या वजनात आणावं लागतं. आणि तेही सरळ चारनं गुणून नाही, कारण सालासकट गर जड असतो. इथं एक लॉट वेगळा चालवून मोजला तेव्हा सालासकट गर बीच्या साडेसत्तावीस टक्के निघाला, साल काढून पंचवीस. 220 ला 0.275 नं भागलं की 800.

पडताळा करायलाही सोपं आहे. कटिंगच्या बायकांना किलोवर मजुरी मिळते, त्यामुळं महिन्यात किती कापलं हे मजुरीच्या वहीत पक्कं असतं, त्यात कुणी हयगय करत नाही. महिन्याच्या सुरुवातीचा उकडलेला ढीग अधिक बॉयलरला दिलेली बी वजा कापलेली बी म्हणजे शेवटी उरलेला उकडलेला ढीग. ढिगाचं वजन आणि हा आकडा जुळला नाही तर आधी तराजू बघायचा.

काय पर्याय होते

सगळीकडं वेटेड ॲव्हरेज चालू ठेवायचं, हा एक. काही बदलायला नको, सॉफ्टवेअर तसंच, पण भाव सांगताना डोळ्यावर पट्टी. दुसरा, सगळं फिफोवर न्यायचं. नियमाला ते चालतं, लेखांकन मानक 2 मध्ये अशा एकसारख्या मालाला फिफो किंवा वेटेड ॲव्हरेज दोन्ही मान्य आहेत, आयकराच्या आयसीडीएस 2 मध्येसुद्धा. पण मध्येच पद्धत बदलली तर त्याला कारण लागतं, बदलाचा परिणाम उघड दाखवावा लागतो, आणि पुढच्या वर्षी भाव पडले म्हणून परत मागं फिरायचं असं करता येत नाही.

तिसरा पर्याय धाकट्या भावाचा, ही कोष्टकं सोडा, आजचा बीचा भाव घ्या, त्यात ठरलेला प्रोसेसिंग दर मिळवा, झालं. भाव सांगायला हे वाईट नाही, खरं तर बीच्या बाबतीत हेच सगळ्यात बरोबर. पण ठरलेला प्रोसेसिंग दर आणणार कुठून? तो 18 धरला असता मेवरून, आणि गराला जवळपास 19 रुपयांनी फसले असते.

शेवटी चौथा घेतला. पुस्तकात वेटेड ॲव्हरेज तसंच, आणि बाजूला एका शीटवर दर महिन्याला फक्त फिफोचे दोन दर काढायचे, बीचा आणि प्रोसेसिंगचा. पूर्ण फिफो स्टॉक व्हॅल्युएशन करायचंच नाही. त्यासाठी लागतं एवढंच:

```
चालू दर = महिन्याचा खर्च / (पूर्ण माल + क्लोजिंग समतुल्य - ओपनिंग समतुल्य)
```

वेटेड ॲव्हरेजचे युनिट आधीच काढलेले असतात, त्यातून ओपनिंगचे वजा केले की झालं.

काय केलं आणि काय झालं

व्यापाऱ्याला 630 सांगितलं. तो दोन दिवस गप्प बसला, मग 625 ला तयार झाला, पण तीन महिन्यांचा करार मागत होता. मालकानं फक्त एका महिन्याच्या 2,000 किलोला हो म्हटलं. 610 आणि 625 मधला फरक 30,000 रुपये, म्हणजे स्टॉकमध्ये ज्या 12,720 वर अकाउंटंट आणि धाकट्या भावाची वादावादी चाललेली त्याच्या दुपटीच्या वर.

पण कागदावर 14.20 सुटतील असं वाटलेलं, प्रत्यक्षात सुटले 8.60. जुलैमध्ये बी 131 नं पडली आणि पाऊस वाढल्यावर प्रोसेसिंग 23.10 झालं, म्हणजे 154.10, गराला 616.40.

काय वेगळं करता आलं असतं

माझ्या मते भाव सांगताना बीचा दर फिफोवरूनही घ्यायला नको होता. फिफोचा चालू दर म्हणजे गेल्या महिन्याचा दर, तो वेटेड ॲव्हरेजपेक्षा ताजा एवढंच. गोदामात त्या दिवशी 131 च्या बिलाची पोती उभी होती, ती बघून चार रुपये तरी वाढवता आले असते. प्रोसेसिंगचा दर मात्र फिफोवरूनच घ्यावा, त्याचं बिल कुठं मिळत नाही, तो हिशोबातूनच निघतो.

तीन महिन्यांचा करार नाकारला ते बरोबर झालं असं मला वाटतं, पण बीच्या भावाला बांधलेला करार विचारून बघायला हवा होता, बी इतकी वाढली तर गर इतका वाढेल अशी अट. चारास एक हे प्रमाण दोघांनाही माहीत असतं, तेव्हा बीच्या एका रुपयाला गराचे चार रुपये हे व्यापाऱ्याला पटवायला जड नव्हतं.

आणि भाव उतरत असतील तेव्हा हेच उलटं होतं. समजा बी 130 वरून 115 वर आली, तर वेटेड ॲव्हरेज महाग दाखवतं आणि चांगला सौदा तोट्याचा वाटून हातातून जातो. मालकाचं म्हणणं होतं की भाव पडल्यावर ही शीट कशाला, तेव्हा तर फायदाच आहे. त्याच वर्षी दिवाळीनंतर बी उतरली तेव्हा धाकट्या भावानं शीट चालू ठेवली होती, आणि हुबळीची एक ऑर्डर, जी पुस्तकातल्या दरानं बसत नव्हती, ती त्यानं त्या शीटवर बघून घेतली.

31 मेच्या नोंदी मुकादमाच्या वहीत मिळाल्या हे नशीब. आता महिन्याच्या शेवटच्या दिवशी कटिंग दुपारी चारला थांबवतात आणि चारही टप्प्यांचा माल वजन करून लिहितात, कापलेला, सालासकट आणि सोललेला गर वेगवेगळ्या रकान्यात, शेजारी बीच्या वजनात. बायकांची एक तासाची मजुरी बुडते म्हणून कुरकुर झाली, तर त्या दिवशी तेवढ्या तासाचे रोजानं पैसे द्यायचं ठरलं.